दागिना तोच, फोटो नवा: चांदीची चमक आणि खड्याचा रंग खरा कसा ठेवायचा?

रजतनगरी खामगावमधून व्हॉट्सअॅपवर फोटो पाहून दागिना मागवणारा ग्राहक नेमकं काय विकत घेतो? फोटो आकर्षक करण्याच्या नादात दागिनाच बदलत असेल, तर चूक कुठे होते आणि ती ओळखायची कशी, हे समजून घेऊ.

बुलढाणा जिल्ह्यातील खामगावची ओळख 'रजतनगरी' अशी आहे. लग्नसराई आणि दिवाळीत इथल्या चांदीसाठी बाहेरगावाहून ग्राहक येतात. आता मात्र प्रत्यक्ष येण्याआधी फोटो मागवला जातो. नात्यातली कुणीतरी पुण्यात असते, तिला पैंजण दाखवायचे असतात. सुनेसाठी ठुशी घ्यायची असते, पण सून मुंबईत असते. फोटो जातो, पसंती येते, पैसे येतात आणि दागिना कुरिअरने रवाना होतो. म्हणजे या व्यवहारात फोटो हाच दुकानाचा काउंटर झाला आहे.

काउंटर चांगला दिसावा, असं दुकानदाराला वाटणं स्वाभाविक आहे. पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेला फोटो कॅटलॉगसारखा दिसतो. त्यात वस्तू दिसते, पण मन ओढलं जात नाही. मासिकातल्या फोटोत मात्र मागे पैठणीचा पदर असतो, समईचा मंद प्रकाश असतो, सावल्या असतात. यालाच छायाचित्रणाच्या भाषेत एडिटोरियल शॉट म्हणतात. पूर्वी त्यासाठी शहरातला स्टुडिओ लागायचा. आता मोबाइलवरचं एआय अॅप साध्या फोटोतून असा शॉट मिनिटभरात तयार करून देतं.

प्रश्न इथेच सुरू होतो. अॅप मागचा पडदा बदलतं, हे सगळ्यांना दिसतं. ते बऱ्याचदा दागिनाही बदलतं, हे मात्र पटकन दिसत नाही.

अॅप दागिना का बदलतं?

बॅकग्राउंड बदलण्याचे दोन वेगळे मार्ग आहेत आणि दोन्ही अॅपमध्ये एकाच बटणामागे लपलेले असू शकतात. पहिल्या मार्गात दागिन्याची कडा ओळखून तो कापून घेतला जातो आणि नव्या चित्रावर ठेवला जातो. इथे दागिन्याचा मूळ फोटो शाबूत राहतो. दुसऱ्या मार्गात एआय संपूर्ण चित्र नव्याने रेखाटतं. तुमचा फोटो त्याच्यासाठी फक्त नमुना असतो. तो पाहून त्याला 'चांदीची ठुशी, मध्ये लाल खडा' एवढं कळतं आणि तशी ठुशी ते स्वतःच्या अंदाजाने काढतं. 'डिझाइन बदलू नको' अशी सूचना लिहिली, तरी चित्र पुन्हा काढलं जाणार असेल तर बारीकसारीक फरक पडतोच.

फरक कुठे पडतो, हे साधारण ठरलेलं असतं. एकसारख्या बारीक गोष्टी जिथे ओळीने येतात, तिथे अंदाज चुकतो. मण्यांची संख्या, जाळीकामातल्या तारा, साखळीच्या कड्या, खडा धरून ठेवणाऱ्या नख्या या त्यातल्या नेहमीच्या जागा. हाताने घडवलेल्या दागिन्यात डावी-उजवी बाजू किंचित वेगळी असते. एआय ती तंतोतंत सारखी करून टाकतं. फोटोत शिक्का दिसत असेल, तर त्याची अक्षरं अर्थहीन रेघोट्या होतात. खरं तर ही सर्वांत सोपी खूण आहे. शिक्का वाचता येईनासा झाला असेल, तर उरलेला दागिनाही नव्याने काढलेला आहे, असं समजायला हरकत नाही.

चांदीची अडचण वेगळी का?

चकचकीत चांदी तिच्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी साधारण ९५ टक्के प्रकाश परत फेकते आणि सगळे रंग जवळपास सारख्याच प्रमाणात फेकते. म्हणून तिला स्वतःचा असा रंग फारसा दिसत नाही. ती आरसा आहे. सोन्याचं तसं नाही. सोनं निळा प्रकाश शोषून घेतं आणि पिवळा-लाल परत पाठवतं, त्यामुळे त्याच्यावरच्या चमकेलाही पिवळसर छटा असते.

याचा अर्थ असा, की चांदीच्या दागिन्याचा फोटो हा खोलीचाही फोटो असतो. खिडकी, भिंत, फोटो काढणाऱ्याचा शर्ट, मोबाइल हे सगळं त्या मण्यांत उमटलेलं असतं. आता असा दागिना कापून पैठणीवर ठेवला, तर काय होईल? खाली गर्द मरून रंग आहे, पण मण्यांच्या खालच्या बाजूला पांढरा टेबल उमटलेला आहे. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फोटो चिकटवलेला वाटतो. मग तो जुळवण्यासाठी अख्ख्या फोटोवर उबदार फिल्टर मारला जातो आणि चांदी सोन्याचा मुलामा दिल्यासारखी दिसू लागते. किंवा चमक 'सुधारायला' अॅपला सांगितलं जातं, आणि ते मण्यांवर मनाला येईल तिथे ठिपके काढतं.

म्हणून क्रम उलटा करायला हवा. आधी फोटो आणि मग मागचं दृश्य, असा प्रवास चांदीला मानवत नाही. मागे काय हवं, हे आधी ठरवावं, त्यातलं जे दागिन्यात उमटणार आहे ते फोटो काढतानाच खरं ठेवावं, आणि संगणकाला फक्त दूरचं काम द्यावं.

एका ठुशीचं उदाहरण

समजा, खामगावमधल्या एका दुकानात चांदीची ठुशी आहे. समोरून दिसणाऱ्या खालच्या ओळीत २९ मणी, मध्ये पदकात लाल खडा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक हिरवा खडा, आणि पदकाच्या नक्षीत मुद्दाम ठेवलेला काळसरपणा. दुकानदाराला दिवाळीसाठी फोटो हवा आहे: खाली मरून रेशीम, मागे अंधूक समई.

पहिलं काम कापडाचं. मरून रंगाचं खरं कापड टेबलावर पसरून ठुशी त्यावर ठेवावी. दागिन्याभोवती निदान वीतभर जागा खरी असली, की मण्यांच्या खालच्या अर्ध्या भागात मरून छटा आपोआप उमटते आणि दागिन्याखालची सावलीही खरी येते. संगणकावर सर्वांत जास्त फसतात त्या याच दोन गोष्टी. ठेवण्याआधी मण्यांवरचे बोटांचे ठसे मऊ कापडाने पुसावेत, पण नक्षीतला काळेपणा घासून काढू नये. तो मळ नसून डिझाइनचा भाग आहे.

दुसरं काम प्रकाशाचं. थेट ऊन येत नाही अशी खिडकी निवडावी, तिच्यावर पातळ पांढरं कापड किंवा ट्रेसिंग पेपर लावावा आणि खोलीतले सगळे दिवे बंद करावेत. खिडकीचा प्रकाश निळसर आणि पिवळ्या दिव्याचा प्रकाश नारिंगी असतो. दोन्ही एकत्र आले, की एका बाजूचे मणी एका रंगाचे आणि दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या रंगाचे दिसतात, आणि ते नंतर नीट करता येत नाही.

खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा पुठ्ठा उभा करावा. त्याच्या शेजारी एक अरुंद काळी पट्टीही ठेवावी. काळी कशाला, असा प्रश्न पडेल. चहूबाजूंनी पांढरंच असेल, तर चांदीत फक्त पांढरंच उमटतं आणि ती राखाडी प्लास्टिकसारखी सपाट दिसते. काळ्या पट्टीची बारीक रेघ मण्याच्या कडेला उमटली, की गोलाई कळते आणि धातू धातूसारखा दिसतो. स्टुडिओतल्या महागड्या फोटोत जी 'धार' दिसते, ती बहुतेक वेळा अशाच काळ्या पुठ्ठ्यातून आलेली असते.

तिसरं काम मोबाइलचं. अगदी जवळ नेऊन रुंद लेन्सने फोटो काढला, तर पुढचे मणी मोठे आणि कडेचे लहान दिसतात. म्हणजे एआयचा हात लागण्याआधीच डिझाइन बदललं. त्याऐवजी थोडं मागे जाऊन दोन किंवा तीन पट झूमची लेन्स वापरावी आणि मोबाइल स्टँडवर ठेवावा. लांब गेल्याने मण्यांत उमटणारी मोबाइलची काळी आकृतीही लहान होते. सौंदर्य वाढवणारे सगळे मोड बंद ठेवावेत. प्रो मोड असेल तर रंगसमतोल हाताने एकाच आकड्यावर ठेवावा. खिडकीच्या प्रकाशाला ५५०० केल्विनच्या आसपासपासून सुरुवात करता येते.

पहिल्या फोटोत दागिन्याशेजारी राखाडी कार्ड ठेवावं आणि मग ते काढून बाकीचे फोटो घ्यावेत. फोटोच्या साहित्याच्या दुकानात असं कार्ड मिळतं. त्याच्याऐवजी झेरॉक्सचा पांढरा कागद वापरू नये. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात चमक देणारी रसायनं घातलेली असतात, त्यामुळे तो निळसर दिसतो. त्याला पांढरा धरून रंग बसवला, तर चांदी पिवळट होते.

लाल खडा सपाट का होतो?

धातू आणि खडा यांचे नियम वेगळे आहेत. खड्याच्या पृष्ठभागावरची चमक प्रकाशाच्याच रंगाची, म्हणजे इथे पांढरी असते. त्याचा लाल किंवा हिरवा रंग आत जाऊन परत आलेल्या प्रकाशातून येतो. फिल्टरने पृष्ठभागावरची चमकही लाल झाली, तर खडा काचेच्या गोळीसारखा वाटतो.

दुसरी अडचण एक्स्पोजरची. मोबाइल पूर्ण दृश्य पाहून उजेड ठरवतो. मरून कापड गडद असल्याने तो फोटो जास्त उजळ करतो आणि गर्द लाल खड्यातला लाल रंग कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. त्यापुढे कॅमेऱ्याला फरक नोंदवता येत नाही. खड्याचे पैलू नाहीसे होतात आणि लाल डाग तेवढा उरतो. अशा डागात अॅप मग स्वतःचे पैलू काढतं, आणि ते त्या खड्याचे नसतात. म्हणून फोटो थोडा गडदच काढावा, पैलू दिसताहेत का ते झूम करून पाहावं, आणि उजेड नंतर वाढवावा.

हिरव्या खड्यावर आणखी एक परिणाम होतो. खड्याची मागची बाजू उघडी असेल, तर खालच्या मरून कापडाचा रंग त्यातून वर येतो आणि हिरवा तपकिरीकडे झुकतो. हा बदल एआयने केलेला नाही; कापडाने केला आहे. पण ग्राहकाच्या दृष्टीने फसगत तीच. यावर उपाय म्हणून त्याच प्रकाशात, त्याच जागी, खाली राखाडी कागद ठेवून एक साधा फोटो घ्यावा. पुढे रंगाचा निकाल लावायला हाच फोटो कामी येतो.

रंगाचा आग्रह कशासाठी? खड्याची किंमत रंगावर ठरते. माणकाचा किंवा पाचूचा रंग फोटोत थोडा गडद आणि एकसारखा झाला, तर तो खडा कागदोपत्री नाही, पण ग्राहकाच्या मनात वरच्या प्रतीचा होतो. चांदीच्या दागिन्यात बहुतेकदा साधे खडे असतात हे खरं; पण तिथेही साडीशी रंग जुळवून घेतलेला असतो.

संगणकाला काय द्यायचं?

आता ठुशी, कापड, सावली आणि चमक हे सगळं खरं आहे. उरली मागची अंधूक समई. दुकानात समई असेल तर तीच मागे ठेवावी, हा सर्वांत सोपा मार्ग. नसेल तर फोटोतला वरचा, दूरचा भाग तेवढा निवडून एआयकडून भरून घ्यावा. दागिना आणि त्याभोवतीचं कापड निवडीच्या बाहेर ठेवावं. खिडकी डावीकडे होती, तर नव्या दृश्यातला उजेडही डावीकडूनच मागावा. ज्योत लहान आणि दूर ठेवावी, कारण जवळची मोठी ज्योत मण्यांत उमटायलाच हवी होती, आणि ती उमटलेली नाही.

अॅप निवडीबाहेरचा भागही बदलत असेल, तर तयार झालेल्या चित्रावर मूळ फोटोतला दागिना आणि कापड पुन्हा चढवावं. उबदार फिल्टर हवाच असेल तर तो फक्त मागच्या भागाला लावावा.

बदल झाला की नाही, कसं ओळखायचं?

पहिली तपासणी मोजणीची. मूळ फोटोत २९ मणी होते, तर नव्यातही २९ हवेत. नख्या, कड्या, पदकावरची पाकळ्यांची संख्याही मोजावी. दागिना घडवणाऱ्या कारागिराला दोन्ही फोटो दाखवले, तर त्याला फरक सर्वांत आधी दिसेल.

दुसरी तपासणी चमकेची. एकच खिडकी असेल, तर प्रत्येक मण्यावर तिचा उजळ ठिपका साधारण एकाच बाजूला हवा. एका मण्यावर डावीकडे, शेजारच्यावर उजवीकडे आणि तिसऱ्यावर मधोमध असे ठिपके विखुरले असतील, तर ती चमक काढलेली आहे.

तिसरी तपासणी संगणकावरची. गिम्पसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये मूळ आणि नवा फोटो एकाच मापाने एकावर एक ठेवून वरच्या थराचा मोड डिफरन्स करावा. जे तंतोतंत सारखं आहे ते काळं दिसतं, जे बदललं ते उजळतं. समईचा भाग उजळला तर ठीक आहे. मणी किंवा खडा उजळला तर फोटो बाद.

चौथी तपासणी रंगाची. पांढरा पुठ्ठा उमटलेल्या मण्याच्या भागावर रंग मोजणारं साधन ठेवलं, की लाल, हिरवा आणि निळा यांचे तीन आकडे मिळतात. चांदी तटस्थ असेल तर ते जवळजवळ सारखे येतात, उदाहरणार्थ २२८, २२७, २२५. हेच आकडे २४०, २२२, १९० असे आले, तर चांदीवर पिवळेपणा चढला आहे. खड्यासाठी मात्र आकड्यांपेक्षा डोळा बरा. मोबाइलचा रात्रीचा मोड आणि भडक रंगांचा मोड बंद करून, खरा खडा त्याच खिडकीजवळ स्क्रीनशेजारी धरावा.

तरीही काही फरक उरतो. प्रत्येक मोबाइलची स्क्रीन रंग वेगळा दाखवते, आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रतिमा दाबली जाऊन बारकावे गमावते. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यास मूळ फाइल जाते. 'स्क्रीननुसार रंगात फरक पडू शकतो' ही ओळ म्हणूनच खोटी नाही. पण स्क्रीनमुळे २९ मण्यांचे २७ होत नाहीत. त्या ओळीआड बदललेलं डिझाइन लपवता येणार नाही.

दुकानदाराने काय करावं?

कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचं खोटं वर्णन करणारी जाहिरात दिशाभूल करणारी ठरते. ऑनलाइन विक्रीसाठीच्या २०२० च्या नियमांनुसार जाहिरात वस्तूच्या प्रत्यक्ष गुणधर्मांशी सुसंगत असावी लागते, आणि दाखवल्यासारखी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास नकार देता येत नाही. फोटो अॅपने बदलला, हे उत्तर त्यात बसत नाही. तो फोटो पाठवला दुकानानेच.

चांदीच्या बाजारात शुद्धतेची खात्री देणारी व्यवस्था हळूहळू उभी राहते आहे. सोन्याच्या दागिन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी सक्तीचा झाला. चांदीसाठी तो १ सप्टेंबर २०२५ पासून ऐच्छिक स्वरूपात आला. पण शिक्का धातूची शुद्धता सांगतो. ठुशीत किती मणी आहेत आणि खड्याची छटा कोणती, हे सांगणारा कोणताही शिक्का नाही. तिथे ग्राहकाकडे फोटोच असतो.

म्हणून सजवलेल्या फोटोला बंदी घालण्याची गरज नाही. त्याला जोडीदार देण्याची गरज आहे. दुकानाने प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो पाठवावेत. एक समई आणि रेशमाचा. दुसरा त्याच दागिन्याचा, राखाडी कागदावरचा, कोणताही फिल्टर नसलेला, शक्य असल्यास शेजारी पट्टी ठेवून माप दिसेल असा. पहिला मन वळवण्यासाठी, दुसरा व्यवहारासाठी. पसंती पहिल्यावर आली तरी पैसे घेण्यापूर्वी दुसरा पाठवलेला असावा.

यात दुकानदाराचाही फायदा आहे. परत आलेल्या दागिन्याचं कुरिअर, पुन्हा पॉलिश आणि नात्यातल्या चार घरांत झालेली चर्चा हे सगळं राखाडी कागदावरच्या एका फोटोपेक्षा महाग पडतं. ग्राहकानेही सवय लावून घ्यावी. सुंदर फोटो आला, की लगेच विचारावं: 'साधा फोटो पाठवता का?' ज्याच्याकडे तो आहे, तो दुकानदार लगेच पाठवेल. जो टाळाटाळ करेल, त्याच्या फोटोतले मणी एकदा मोजून पाहावेत.